भांडण ताईला कळतं, समेट कळत नाही

प्रश्न : माझं वय ३८, लग्नाला ९ वर्षं झाली. चार महिन्यांपूर्वी माझा पगार कमी झाला आणि कर्जाचे दोन हप्ते थकले. ही गोष्ट मी फक्त बायकोला सांगितली होती. मागच्या आठवड्यात सगळे नातेवाईक जमले असताना साडूंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "हप्त्यांचं काही असेल तर सांगा, संकोच करू नका." मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या काही दिवस आधी तिच्या ताईने पाठवलेला एक पत्ता वाचून दाखव म्हणून बायकोनेच तिचा फोन माझ्या हातात दिला होता. पत्त्याच्या वरच बायकोने ताईला लिहिलेलं वाक्य दिसलं, "याच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं." तिच्या दोन मैत्रिणींनाही आमच्यातलं सगळं माहीत असणार असं आता वाटतं. मी तिच्याबद्दल आजवर कुणापाशी ब्र काढलेला नाही. घरातलं घरात राहावं एवढीच माझी अपेक्षा आहे. हा विश्वासघातच नाही का? यापुढे कुणाला काही सांगणार नाही असं वचन तिच्याकडून घ्यायचं आहे. ते कसं घ्यावं?

उत्तर : साडूंनी चांगल्या मनाने विचारलं, म्हणूनच ते जास्त लागलं असणार. टोमणा असता तर रागावता तरी आलं असतं. इथे मान हलवून गप्प बसण्यावाचून काही करता आलं नाही, आणि घरी येईपर्यंत डोक्यात एकच विचार घोळत राहिला असेल, की अजून कुणाकुणाला माहीत आहे?

वचनाकडे मी येते, पण त्याआधी तुमच्या पत्रात एकत्र आलेल्या दोन गोष्टी सुट्या करायला हव्यात. हप्ते थकले ही एक गोष्ट आणि 'भिंतीशी बोलणं' हे वाक्य ही दुसरी. तुम्हाला दोन्हींचा त्रास सारखाच झाला, त्यामुळे दोन्ही एकाच जातीच्या वाटतात. पण पहिली गोष्ट तुमची आहे. तुम्ही ती विश्वासाने बायकोच्या हाती दिली आणि ती तुम्हाला न विचारता पुढे गेली. दुसरी गोष्ट तिची स्वतःची आहे. तुमच्याशी बोलायला गेल्यावर तिला काय वाटतं, हा तिचा अनुभव आहे. तो तिने कुणाला सांगावा यावर तुमचा थोडा हक्क आहे, कारण त्यात तुम्हीही आहात. पण तो अनुभव पूर्णपणे तुमच्या ताब्यात नाही. 'कुणाला काहीच सांगायचं नाही' या वचनात या दोन्ही गोष्टी एकाच कुलपात बंद होतात. तसं वचन तिने दिलंच, तर बहुधा ती ते मनातून पाळणार नाही, किंवा पाळेल आणि आतल्या आत कुढत राहील.

सँड्रा पेट्रोनिओ या अमेरिकेतल्या संशोधक आहेत. माणसं खासगी गोष्टी कशा सांगतात आणि कशा राखतात, यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं आहे. त्यांची मांडणी मला अशा पत्रांना उत्तर देताना नेहमी उपयोगी पडते. आपण एखादी खासगी गोष्ट दुसऱ्याला सांगितली की तो माणूस तिचा सहमालक होतो, असं त्या म्हणतात. मालकी वाटली जाते, पण ती गोष्ट पुढे कुणाला सांगायची, किती सांगायची, आधी विचारायचं का, याचे नियम बहुतेक वेळा बोललेच जात नाहीत. दोघंही मनात आपापले नियम धरून चालतात आणि ते वेगळे निघाले की घोळ होतो. घर दोघांच्या नावावर असतं तेव्हा ते विकायला दोघांची सही लागते, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. दोघांच्या नावावरच्या गोष्टीला मात्र सही लागते हे आपण गृहीत धरतो, ठरवत नाही.

हप्त्यांचं सांगताना तुम्ही 'हे आपल्या दोघांतच ठेव' असं म्हणाला होतात का? कदाचित ते म्हणायची गरजच वाटली नसेल. ती बायको आहे, तिला कळायलाच हवं. पण ज्या घरात दोन बहिणी एकमेकींना सगळं सांगत वाढल्या, तिथे ताईपासून काही लपवणं हाच दुरावा मानला जातो. आणि काही घरांत अडचणीच्या दिवसांत शेजारच्या खोलीतल्या माणसालाही पत्ता लागू न देणं हा आईवडिलांचा स्वाभिमान असतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचं बालपण या दुसऱ्या घरात गेलं असेल असा माझा अंदाज आहे. दोन्ही घरांत वाढलेली माणसं सच्ची असतात, पण एकाला जे मोकळेपण वाटतं ते दुसऱ्याला दगा वाटतं. तिने तुमचा विश्वास मोडला का, याचं उत्तर म्हणूनच 'परिणामाने हो, हेतूने बहुधा नाही' असं मी देईन. परिणाम खरा आहे आणि त्याबद्दल बोलायलाच हवं. फक्त 'तू मला फसवलंस' या शब्दाने सुरुवात केलीत, तर पुढचा सगळा वेळ ती 'मी फसवलेलं नाही' हे सिद्ध करण्यात घालवेल आणि तुमच्या दुखण्यापर्यंत बोलणं पोचणारच नाही.

आता 'ब्र काढलेला नाही' या वाक्याबद्दल. तुम्ही ते अभिमानाने लिहिलं आहे आणि त्यामागची निष्ठा मला दिसते. तरी एक विचारते. तिच्याबद्दलची नाराजी तुम्ही जशी बाहेर कुणाला सांगितली नाहीत, तशी तिला तरी सांगितलीत का? पगार कमी झाल्यावर रात्री झोप लागत नव्हती, भीती वाटत होती, हे तिच्यापाशी बोललात का, की फक्त 'दोन हप्ते थकलेत' एवढी बातमी दिलीत?

मी तुमचं घर पाहिलेलं नाही, पण अशी एक संध्याकाळ मी पुष्कळ जोडप्यांच्या तोंडून ऐकली आहे. ती विचारते, "हप्त्यांचं काय ठरवलंस?" तो म्हणतो, "बघतो." ती म्हणते, "बघतो म्हणजे काय? तारीख तर जवळ आली." तो म्हणतो, "आत्ता नको." तिचा आवाज चढतो. तो फोन उचलतो किंवा उठून दुसऱ्या खोलीत जातो. ती पाच मिनिटं तिथेच बसून राहते, मग आतल्या खोलीचं दार लावते आणि ताईला फोन करते. संशोधकांनी या साच्याला 'मागणी आणि माघार' असं नाव दिलं आहे. अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि ख्रिस्तोफर हेवी यांनी १९९० मध्ये त्यावर गाजलेला अभ्यास केला. एकजण जितका मागे लागतो तितका दुसरा मागे सरतो, आणि तो मागे सरतो म्हणून पहिला आणखी मागे लागतो. आतून पाहिलं तर दोघांनाही वाटत असतं की मी फक्त समोरच्याला उत्तर देतोय, सुरुवात त्याने केली. ज्याला बदल हवा असतो तो सहसा मागे लागतो, आणि ज्याला विषय टळलेला बरा वाटतो तो माघार घेतो. दुसऱ्या एखाद्या विषयावर तुमच्या भूमिका उलटही झालेल्या असतील.

हे मी तुमच्यावर खापर फोडायला लिहीत नाही. बाहेर जाणाऱ्या तक्रारीला बऱ्याचदा घरात जागा मिळालेली नसते, म्हणून लिहिते आहे. बायकोचं ते वाक्य पुन्हा आठवा. 'नवरा वाईट आहे' असं तिने लिहिलेलं नाही. बोलायला गेले आणि पोचले नाही, असं तिने लिहिलं आहे. ते वाक्य ताईच्या नावाने गेलं, पण पत्ता तुमचा होता.

आणि गप्प बसणाऱ्याला काही वाटत नसतं असंही नाही. दांपत्यांच्या बोलण्याचा दीर्घकाळ अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात, की वादात शरीर इतकं तापू शकतं की ऐकणं आणि विचार करणं दोन्ही थांबतं. अशा वेळी माणूस भिंत होतो. त्यावर ते किमान २० मिनिटांची विश्रांती सुचवतात, आणि त्या २० मिनिटांत मनातल्या मनात वाद चालू ठेवायचा नाही, अशी अट घालतात. म्हणजे उठून जाणं चूक नाही. पण न सांगता उठलात तर ती भिंत, आणि "माझं डोकं आत्ता चालत नाहीये, अर्ध्या तासाने मी स्वतः येतो" असं म्हणून खरंच परत आलात तर ती विश्रांती. परत आलात की नाही यावरच सगळं ठरतं, आणि परत यायची जबाबदारी उठून गेलेल्याची.

आता तिच्या बाजूची चूक, जी तुम्ही तिला दाखवायला हवी. माझ्याच आयुष्यातलं सांगते. माझी एक जवळची मैत्रीण दोन वर्षं जवळजवळ दर आठवड्याला मला फोन करायची. नवरा कसा तोडून बोलला, कसा वाढदिवस विसरला, कशी पाहुण्यांसमोर तिची चूक काढली. मी मनापासून ऐकत होते, तिच्या बाजूने रागावत होते. मग फोन कमी झाले. पुढे कळलं की त्यांचं छान चाललं आहे, त्याने बरंच बदलून घेतलं, दोघं एकत्र समुपदेशकाकडेही जाऊन आले. तिला आज ते जुने प्रसंग आठवतही नाहीत. मला मात्र त्याच्याकडे गेल्यावर अजूनही तो वाढदिवस आठवतो. तो काही बोलला की माझ्या कपाळावर आठी येते आणि मग माझी मलाच लाज वाटते. त्याने तिची माफी मागितली तेव्हा मी तिथे नव्हते ना!

यावर अभ्यासही झाला आहे. जेफ्री ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं, की जोडीदाराने दुखावलेला माणूस त्याला जितक्या सहज माफ करतो, तितक्या सहज त्या माणसाचे जिवलग माफ करत नाहीत. कारण समजण्यासारखं आहे. दुखावलेल्याला पुढचे दिवस मिळतात. समोरच्याचा पडलेला चेहरा, त्याची माफी, दुसऱ्या दिवशी न सांगता केलेलं काम, हे सगळं तो पाहतो. मित्रमैत्रिणींपर्यंत भांडणाचा फोन पोचतो, समेटाचा पोचत नाही. 'आमचं मिटलं' असं सांगायला रात्री साडेदहाला कुणी फोन करत नाही. म्हणून तुमच्या साडूंच्या मनातले तुम्ही कदाचित चार महिन्यांपूर्वीच्याच संध्याकाळी अडकलेले आहात, हप्ते भरून झाले असतील तरीही.

बायकोपुढे ही गोष्ट मांडणं 'तू घराची अब्रू घालवलीस' यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडेल, कारण ती खोटी म्हणता येत नाही आणि त्यात तिचंही नुकसान आहे. ताईचं मत एकदा बनलं की उद्या तुमच्या बाजूने एक शब्द बोलायचा तरी तिला ताईशी वाद घालावा लागेल.

मग तिने कुणाशीच बोलू नये का? नाही, आणि इथे मी तुमच्या अपेक्षेशी असहमत आहे. माणसाला नात्याबाहेर एखादं बोलण्याचं ठिकाण लागतंच. बोलून तिला मदत होते आहे की राग नुसता घोळवला जातो आहे, एवढं पाहायचं. याची खूण फोननंतरच्या तासाभरात सापडते. ताईशी बोलून ती शांत झाली आणि पुढच्या दिवशी तुमच्याकडे येऊन 'मला हे बोलायचंय' म्हणाली, तर तो फोन तुमच्या संसाराला उपयोगी पडला. फोन संपल्यावर ती अधिक ताठ झाली, तिच्या बोलण्यात 'सगळेच म्हणतात' यायला लागलं आणि तुमच्यातला मूळ विषय तसाच राहिला, तर त्या फोनने फक्त वाफ निघाली. कुटुंबांवर काम करणारे मरे बोवेन याला त्रिकोण म्हणत. दोघांतला ताण सहन होईना की तिसऱ्याला ओढलं जातं, ताण तेवढ्यापुरता उतरतो, आणि उतरल्यामुळेच मूळ दोघं तो सोडवायचं टाळू शकतात. कर्जाच्या बाबतीत हे तुमच्याकडे झालं असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. ती तुमच्यासाठी असेलच असं नाही, पण हे सदर वाचणाऱ्या कुणासाठी तरी नक्की आहे. घरात मारहाण असेल, धमक्या असतील, जोडीदाराची भीती वाटत असेल, पैसे किंवा फोन हिसकावून घेतले जात असतील, तर तिथे 'घरातलं घरात' हा नियम लागू होत नाही. अशा वेळी बाहेर सांगणं म्हणजे निष्ठा मोडणं नाही, ती स्वतःची सुटका आहे. अत्याचार करणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज गुप्ततेचीच असते. म्हणून 'कुणाला सांगू नकोस' अशी मागणी करणाऱ्या प्रत्येकाने, तुम्हीसुद्धा, स्वतःला विचारून पाहावं की समोरचा माणूस मला 'नाही' म्हणू शकतो का, तेही न घाबरता? उत्तर 'हो' असेल तरच पुढचं सगळं कामाचं आहे.

आता प्रत्यक्ष बोलणं. भांडण झालेल्या दिवशी किंवा ताईचा फोन नुकताच होऊन गेलेला असताना हा विषय काढू नका. दोघांना तासभर निवांत मिळेल अशी वेळ आधी सांगून ठरवा. "मला एका गोष्टीबद्दल बोलायचंय, भांडायचं नाहीये, उद्या संध्याकाळी बसूया का?" एवढं पुरे. तो मेसेज पाहिल्याचं लपवू नका. पत्ता वाचताना दिसला असं सरळ सांगा. लपवलंत आणि नंतर कळलं, तर खासगीपणाबद्दल बोलणारा माणूस म्हणून तुमचा शब्द तिथेच हलका होईल. आणि अजून काय लिहिलंय ते बघायला तिचा फोन पुन्हा उघडू नका. तुमचा राग ज्यावर आहे, तेच मग तुम्ही करत असाल.

सुरुवात एका प्रसंगापासून करा आणि त्यात स्वतःबद्दल बोला. "साडूंनी मला हप्त्यांबद्दल विचारलं. मला फार लाज वाटली. तुझ्याशिवाय हे कुणाला माहीत नाही असं मी धरून चाललो होतो." इथे थांबा. 'तू नेहमी', 'तुझ्या माहेरचे', 'सगळ्या जगाला सांगत सुटतेस' हे शब्द तोंडावर आले तरी गिळा. ती लगेच माफी मागेल अशी अपेक्षा ठेवू नका. बहुधा ती म्हणेल, "मग मी कुणाशी बोलू? तुझ्याशी बोलायला आले की तू उठून जातोस."

या वाक्यावर तुम्ही काय करता, त्यावर सगळी संध्याकाळ अवलंबून आहे. 'विषय बदलू नकोस' असं म्हणावंसं वाटेल. म्हणू नका, कारण विषय बदललेला नाही. म्हणा, "हो, मी उठून जातो. तेव्हा तुला काय होतं ते सांग." आणि मग दहा मिनिटं फक्त ऐका. खुलासा नको, 'पण तूसुद्धा' नको. तिचं बोलून झालं की तुम्हाला जे समजलं ते तुमच्या शब्दांत एकदा तिला सांगा आणि बरोबर आहे का विचारा. भिंतीची तक्रार फक्त याच मार्गाने खोटी ठरवता येते. त्यानंतर तुमची पाळी. "तुझं ऐकलं. माझीही एक गोष्ट आहे. पैशांचं बाहेर गेलं की मी तुला पुढचं सांगायलाच घाबरतो, आणि मग मी आणखी गप्प होतो." हे खरं असेल तर नक्की बोला, कारण दोघांची दुखणी एकाच दोरीची दोन टोकं आहेत हे तिला त्यातून दिसेल.

ठरवाठरवी त्याच बैठकीत झाली नाही तरी चालेल. दोघं थकला असाल तर दुसऱ्या दिवशी करा. ठरवताना 'कुणालाच काही नाही' असं सरसकट न ठरवता विषय घेऊन बोला. काही गोष्टी दोघांनी हो म्हटल्याशिवाय बाहेर जाणार नाहीत. तुमच्या बाबतीत पैसे त्यात येतील. बहुतेक जोडप्यांच्या बाबतीत शरीरसंबंध, आजारपण आणि हळव्या क्षणी कबूल केलेल्या गोष्टीही येतात. तिलाही विचारा, तिच्या यादीत काय आहे. तिच्या कामावरचा एखादा फजितीचा प्रसंग तुम्ही चारचौघांत हसत सांगितला असेल आणि तो तिला लागला असेल, हे तेव्हाच कळतं. 'मी कुणापाशी ब्र काढत नाही' असं म्हणणाऱ्या माणसांनाही अशा याद्या ऐकून धक्का बसलेला मी पाहिला आहे.

उरलेल्याबद्दल, म्हणजे तिला काय वाटतं, ती कशाने दमली आहे, याबद्दल बोलायला तिला एक माणूस मोकळा ठेवा. एकच, आणि तो दोघांनी मिळून मान्य केलेला. कोण हे ठरवताना जवळीक पाहू नका, तो माणूस ऐकताना काय करतो ते पाहा. 'मग तो काय म्हणाला?' असं विचारणारा माणूस निवडावा. 'मी आधीच सांगितलं होतं' म्हणणारा टाळावा. ऐकलेलं स्वतःच्या जोडीदाराला सांगतो का, हेही पाहावं. तुमच्याकडे गोष्ट ताईकडून साडूंकडे गेली. ताईंनी ती काळजीनेच सांगितली असेल, पण गोष्ट एका घरात सांगितली की ती त्या घरातल्या दोघांना कळते, हे आपण सारखं विसरतो. त्यामुळे ताई या कामाला योग्य आहेत का, हे बायकोलाच विचारा. तुम्ही 'ताईला सांगायचं नाही' असा हुकूम काढलात तर तो बहिणींमधला प्रश्न होईल आणि तुम्ही त्यात हराल. एखादी मैत्रीण, जी तुम्हा दोघांना ओळखते आणि तुमच्याशीही नीट बोलते, बऱ्याचदा जास्त बरी असते.

आणि सोबत एक नियम असा करा, की ज्याला भांडण सांगितलं त्याला समेटही सांगायचा. दोन वाक्यं पुरतात. "परवा मी रडत होते ना, आमचं बोलणं झालं. त्याने ऐकून घेतलं." तिने ताईला एवढंच कळवलं तरी तुमचं बरंच काम होईल. तिने ताईकडे जाऊन आधीचं सगळं खोटं होतं म्हणावं, असा आग्रह मात्र धरू नका. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. स्वतःलाही तुम्ही एक मोकळा माणूस द्या. एकट्याने गिळणं ही तुमची सवय असेल, पण ती निष्ठेची अट नाही.

नेमकं कुठे चुकतं तेही सांगते. पुष्कळ नवरे, आणि बायकाही, अशा प्रसंगानंतर वरवर काही बोलत नाहीत, फक्त सांगणं बंद करतात. पगाराचं नाही, डॉक्टरांचं नाही, कशाचंच नाही. 'सांगितलं तर बाहेर जातं' म्हणून. समोरच्याला भिंत आणखी उंच झालेली जाणवते, तो आणखी बाहेर बोलतो. तुमचा विश्वास लगेच बसणार नाही हे खरं, म्हणून लहान गोष्टीपासून सुरू करा. साधीशी खासगी गोष्ट सांगा आणि सोबत म्हणा, "ही आपल्यातच ठेवायची आहे." ती राहिली की पुढची. दीड-दोन महिन्यांत तुम्हाला अंदाज येईल.

स्पष्ट ठरवूनही ती पुन्हा पैशांचं बाहेर बोलली तर एकदा शांतपणे विचारा, काय झालं. सवय आठ दिवसांत जात नाही, एखादी चूक होईल आणि ती स्वतःच येऊन सांगेल तर ते चांगलं लक्षण समजा. पण ठरल्यानंतरही वारंवार तेच होत राहिलं, किंवा तुमच्या समोरच चारचौघांत तुमची टर उडवली जाऊ लागली, तर प्रश्न खासगीपणाचा राहत नाही, आदराचा होतो. तेव्हा दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जावं. तिसऱ्या माणसाची गरज तुम्हाला आहेच, तर तो असा असावा जो दोघांचं ऐकतो, ज्याला कुणाची बाजू घ्यायची नसते आणि जो ऐकलेलं बाहेर नेत नाही. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र समुपदेशकाला हे बंधन सोडावं लागतं. पहिल्या भेटीत तो हे स्वतः सांगतो, नाही सांगितलं तर विचारून घ्या. ती यायला तयार नसेल तर तुम्ही एकटे जा. मागणी आणि माघारीचा साचा एका बाजूने सैल केला तरी हलतो.

राहिले साडू. ते पुन्हा भेटतील आणि तुम्ही त्यांना टाळायला लागाल, अशी मला भीती वाटते. टाळलंत तर त्यांना वाटेल अडचण वाढली, आणि ती काळजी पुन्हा ताईंमार्फत तुमच्या घरी येईल. त्यांचा दोष नाही, त्यांनी हात पुढे केला होता. बायकोला आधी विचारून, तिचं नाव मध्ये न आणता, त्यांना इतकंच सांगा, "तुम्ही विचारलंत ते लक्षात आहे, मनापासून बरं वाटलं. हप्त्यांचं आम्ही दोघं मिळून बघतोय. गरज पडली तर मीच तुमच्याकडे येईन."